जुनी जीआय लाईन काढून सीपीव्हीसी टाकताय? जोड कुठे फसतो ते आधी समजून घ्या

मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटचं रिनोव्हेशन निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "लोखंडी पाईप काढून टाका, प्लास्टिक मारून घ्या". मग चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, "तुमच्याकडून गळतंय." बहुतेक वेळा गळती नव्या पाईपात नसते आणि जुन्या पाईपातही नसते, ती दोघं जिथे भेटतात तिथे असते. कारण डक्टमधली उभी लाईन सोसायटीची, ती लोखंडी जीआयच राहते, आणि तुमच्या फ्लॅटची आडवी लाईन प्लास्टिकची, म्हणजे सीपीव्हीसी होते. हा लेख त्या एका कामापुरताच आहे.

उदाहरण म्हणून गिरगावातली बिल्डिंग घेऊ. तळमजला अधिक चार, गच्चीवर टाकी, घर तिसऱ्या मजल्यावर. डक्टमधल्या टीपासून, म्हणजे उभ्या लाईनीतून तुमचा फाटा निघतो त्या जोडापासून, स्वयंपाकघर, बाथरूम, संडास मिळून १५ मीटर लाईन, सगळी अर्ध्या इंचाची जीआय. टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण ६ मीटर उंच. दर १० मीटर उंचीला १ बार प्रेशर मिळतं, म्हणजे इथे फक्त ०.६ बार. हा आकडा लक्षात ठेवा, साईज ठरवताना लागेल.

## १. आधी बघा, गंज नक्की कुणाच्या पाईपात आहे

जीआय म्हणजे लोखंडी पाईप, वर-आत जस्ताचा थर. जस्त आधी झिजतं म्हणून लोखंड वाचतं, पण आटे पाडताना डाय फिरते तेव्हा तिथलं जस्त निघूनच जातं, शिवाय भिंतही पातळ होते. म्हणून जीआय मधोमध क्वचित फुटतो, तो जोडाशी आट्यांवर सडतो. आतून मात्र गंजाचे गोळे वाढत जातात आणि पाईप अरुंद होतो. मुंबईत यात दोन भर पडतात, एक म्हणजे पाणी ठराविक वेळेलाच येतं त्यामुळे कित्येक लाईनी आलटून पालटून ओल्या आणि हवेने भरलेल्या राहतात, आणि दुसरं म्हणजे डक्टमधली कायमची ओल आणि खारी हवा, जी बाहेरून खाते.

आता चेक असा करा. रात्रभर नळ न उघडता ठेवा. सकाळी टीपासून सगळ्यात लांबचा नळ उघडून पाणी पांढऱ्या बादलीत घ्या आणि तांबूस पाणी किती लिटरला साफ होतं ते बघा. अर्ध्या इंची जीआयच्या एका मीटरमध्ये साधारण ०.२ लिटर पाणी मावतं, म्हणजे १५ मीटरमध्ये जास्तीत जास्त ३ लिटर. तीन-चार लिटरमध्ये पाणी साफ झालं तर गंज मुख्यतः तुमच्या आडव्या लाईनीत आहे. अख्खी बादली भरली तरी रंग जात नसेल तर तो उभ्या लाईनीतून किंवा टाकीतून येतोय, मग तुमचा फ्लॅट पूर्ण प्लास्टिक केला तरी तांबूस पाणी येतच राहणार, आणि त्याचा दोष तुम्ही प्लंबरला देणार.

धार बारीक आहे म्हणून काम काढलं असेल तर १० लिटरची बादली प्रत्येक नळाला लावून वेळ मोजा. एकच नळ मंद असेल तर आधी त्याची जाळी काढून धुवा. खूप वेळा काम तिथेच संपतं.

## २. पाईप आणि साईज : "अर्ध्याला अर्धा" लावू नका

ही चूक इतक्या घरांत बघितली आहे की आता आश्चर्यही वाटत नाही. अर्ध्या इंचाचा जीआय नावाला १५ मिमी असतो, आतलं भोक सुमारे १६ मिमी. सीपीव्हीसीचं माप मात्र बाहेरून धरतात. अर्धा इंच म्हणून दुकानात मिळतो त्याचं बाहेरचं माप १५.९ मिमी आणि भिंती वजा केल्या की आत जेमतेम १२ मिमी उरतात. म्हणजे पाणी जायची जागा नव्या जीआयच्या निम्म्याहून थोडीच जास्त. जुना पाईप गंजाने बुजलेला असतो म्हणून पहिल्या दिवशी धार जोरात वाटते, सगळे खूश होतात, आणि मग एक दिवस कोणी शॉवर खाली असताना स्वयंपाकघरातला नळ उघडतं.

पाऊण इंची सीपीव्हीसीचं भोक सुमारे १८ मिमी. आपल्या ०.६ बारच्या घरात मुख्य लाईन पाऊण इंचीच पाहिजे, अर्धा इंच फक्त शेवटच्या मीटरभरात, नळाकडे उतरताना. तळमजल्यावर राहत असाल तर प्रेशर भरपूर, तिथे अर्धा इंच चालून जाईल, पण तिथेही फरकाचे पैसे इतके कमी आहेत की मी वाचवायला सांगणार नाही.

पाईप घेताना त्यावरचं छापील वाचा. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ लिहिलेलं असतं. एसडीआर ११ जाड भिंतीचा, गरम पाण्याला तोच घ्या, आणि दोन प्रकार आणून साईटवर घोळ घालण्यापेक्षा सगळीकडे तोच वापरा. पांढरा किंवा राखाडी यूपीव्हीसी थंड पाण्यालाच, गिझरनंतर तो मऊ पडतो, वाकतो आणि जोडातून सुटतो. दुकानदार "दोन्ही सेमच आहे" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. हिरवा पीपीआर वेगळी गोष्ट आहे, तो सोल्युशनने चिकटतच नाही, मशीनवर २६० डिग्रीला तापवून वितळवून जोडतात. ज्याच्याकडे ते मशीन नाही त्याच्याकडून पीपीआर करून घेऊ नका.

जीआय वाईट असतं असं समजू नका. गच्चीवर उन्हात, पंपाच्या तोंडाशी जिथे सतत थरथर असते, किंवा पॅसेजमध्ये जिथे लोक सायकल टेकवतात, तिथे मी आजही जीआय टाकेन, मीडियम क्लास, म्हणजे निळ्या पट्ट्याचा. पिवळा पट्टा म्हणजे लाईट. त्याची भिंत आधीच पातळ, त्यात आटे पाडले की उरतंच काय.

## ३. हात लावण्याआधीची तयारी

पहिलं, सोसायटीला लेखी कळवा आणि डक्टमधला तुमचा व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का ते आदल्या दिवशी तपासा. जुने गेट व्हॉल्व्ह फिरतात पण बंद होत नाहीत. बंद होत नसेल तर टाकीकडून उभी लाईन बंद करावी लागेल, म्हणजे त्या लाईनीवरच्या सगळ्या घरांना आधी सांगायला हवं. मीटरकडच्या बाजूला हात लावायचा असेल तर महापालिकेचा परवाना असलेला प्लंबरच पाहिजे.

⚠ अर्थिंग : जुन्या घरांत गिझर, वॉशिंग मशीन, कधी कधी अख्ख्या घराची अर्थिंग वायर पाण्याच्या जीआय पाईपाला गुंडाळलेली असते. तुम्ही पाईप कापलात की दोन गोष्टी होतात, कापताना दोन तुकड्यांमध्ये करंट असू शकतो, आणि प्लास्टिक बसल्यावर त्या उपकरणांना अर्थिंगच उरत नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून पाईप तपासून घ्या, नीट अर्थिंग वेगळं ओढून घ्या, मगच पाईपाला पाना लावा.

मग सामान. पाईप आणि फिटिंग एकाच कंपनीचं घ्या, सोल्युशनही त्याच कंपनीचं आणि सीपीव्हीसीसाठीचं. यूपीव्हीसीचं उरलेलं सोल्युशन "चालतंय" म्हणून वापरायचं नाही. डबा उघडून काडी बुडवा, मधासारखी पातळ धार पडली तर ठीक, गोळे किंवा जेलीसारखं झालं असेल तर फेकून द्या, त्यात थिनर घालून पातळ करू नका. बाकी ब्रास आट्याचे अडॅप्टर, नळांसाठी ब्रास एल्बो, पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह, गाळ अडवणारा वाय स्ट्रेनर, टेफ्लॉन टेप, क्लॅम्प आणि प्रत्येक नळाच्या जागी लावायला डमी प्लग. डमी लोक विसरतात आणि मग टेस्टच करत नाहीत.

## ४. जुना जीआय सोडवणं

इथे घाई केली की खालच्या-वरच्या घरांची वाट लागते. जुन्या लाईनीत बऱ्याच ठिकाणी आट्यातला गंजच पाणी अडवून धरत असतो. एक पाना लावून जोर दिला की तो जोर पाईपातून मागे जातो आणि दोन मजले खालचा जोड ठिबकायला लागतो, तोही लगेच नाही, दोन दिवसांनी.

म्हणून कायम दोन पाने. एका पान्याने डक्टमधला टी घट्ट धरायचा, जरासुद्धा हलू द्यायचा नाही, आणि दुसऱ्याने त्यातून निघालेला तुकडा उलटा फिरवायचा. लाईनीत युनियन, म्हणजे पाईप न फिरवता सुटणारा जोड, असेल तर आधी ती उघडा. नसेल तर टीपासून हातभर सोडून हॅक्सॉने कापा, म्हणजे उरलेला तुकडा मोकळा फिरतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सैल करणारा स्प्रे मारून ठेवला तर बरं पडतं. हातोडी मारणारा प्लंबर असेल तर तिथेच थांबवा.

तुकडा निघाल्यावर टीचे आतले आटे टॉर्च लावून बघा. आटे धारदार आणि सलग दिसले तर पुढे जा. खाल्लेले, पिठासारखे भुगा होणारे असतील तर त्यात कितीही धागा-सफेदा भरला तरी तो जोड टिकणार नाही, सोसायटीकडून टीच बदलून घ्यावा लागेल. हे सांगायला कटकट वाटते, सेक्रेटरी वैतागतो, पण तुमची टाईल बसल्यावर सांगण्यापेक्षा आता सांगणं परवडतं.

चेक : टी उघडा असताना व्हॉल्व्ह किंवा उभी लाईन क्षणभर चालू करून पाणी बादलीत सोडा. सैल झालेले गंजाचे पोपडे निघून जाऊ द्या, नाहीतर ते थेट तुमच्या नव्या शॉवरमध्ये जाऊन बसतील.

## ५. लोखंड आणि प्लास्टिक जिथे भेटतात

नियम एकच पण पाळत कोणी नाही : लोखंडाचे बाहेरचे आटे प्लास्टिकच्या आतल्या आट्यात कधीही फिरवायचे नाहीत. आटे निमुळते असतात, पाना फिरवला की ते पाचरीसारखे घुसतात, आणि बाहेरचं प्लास्टिकचं सॉकेट ताणलं जातं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी, गरम-थंड होत होत, सॉकेटला लांबीच्या दिशेने केसासारखी चीर पडते. म्हणून आट्याच्या जागी पितळेचा इन्सर्ट असलेला ब्रास अडॅप्टरच घ्या, त्यात पान्याचा ताण पितळ झेलतं.

क्रम असा ठेवा. टीमध्ये निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला जीआयचा छोटा तुकडा, त्यावर व्हॉल्व्ह, मग स्ट्रेनर, मग ब्रास अडॅप्टर, आणि सगळं आट्यांचं काम संपल्यावरच अडॅप्टरमध्ये सीपीव्हीसी चिकटवायचा. उलट केलं तर आटे आवळताना चिकटवलेला जोड पिळला जातो.

जीआय ते जीआय जोडाला धागा-सफेदा चालतो, पण ज्या जोडाचा प्लास्टिकशी संबंध आहे तिथे फक्त टेफ्लॉन टेप. तेलकट पेस्ट आणि सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला आतून ठिसूळ करू शकतं. टेप आट्यांच्या फिरण्याच्या दिशेने सहा-सात वेढे, ओढून घट्ट. मग अडॅप्टर हाताने जितका जाईल तितका घाला आणि पान्याने पुढे एक ते दीड फेरा. पाना पितळेच्या षटकोनावर लावा, प्लास्टिकच्या अंगावर नाही. एवढ्यात ठिबकलं तर आणखी आवळू नका, सोडवून टेप नव्याने गुंडाळा.

आणि हा जोड भिंतीत गाडू नका. पितळ आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की झिजतं ते लोखंड, त्यामुळे तो निपल कधीतरी बदलावा लागणारच आहे. डक्टमध्ये किंवा दार उघडून दिसेल अशा जागी ठेवा.

## ६. सोल्युशनचा जोड

हा गोंद नाही. सोल्युशन पाईप आणि फिटिंग दोघांचा वरचा थर विरघळवतं आणि तो एकजीव होऊन सुकतो. म्हणून एकदा लावला की सुधारणा नाही, कापून नवीनच करावा लागतो.

1. पाईप काटकोनात कापा, शक्यतो कटरने. टोकाला चीर दिसली तर त्याच्या पुढे दोन इंच सोडून पुन्हा कापा.
2. आतला-बाहेरचा भुसा कानसेने काढा आणि बाहेरच्या कडेला हलका उतार द्या. कड धारदार ठेवली तर ती आत जाताना सगळं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते.
3. कोरडाच घालून बघा. पाईप सॉकेटमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर घट्ट व्हायला पाहिजे. सैल जाऊन तळाला टेकला तर मापात गडबड आहे. पूर्ण खोली किती ते पाईपावर पेन्सिलने खूण करा.
4. कोरड्या फडक्याने दोन्ही पुसा. पावसाळ्यात पाईपावर दमट थर असतोच, आणि व्हॉल्व्हमधून एक एक थेंब येत असेल तर तो आधी थांबवा, ओल्या पाईपावर जोड धरत नाही.
5. पाईपावर सलग थर, सॉकेटमध्ये पातळ थर. सॉकेटमध्ये जास्त ओतलं तर आत साचून भोक अरुंद होतं आणि पाईप तिथे मऊ पडतो.
6. लगेच घाला, पाव फेरा फिरवत, खुणेपर्यंत. अर्धा मिनिट दाबून धरा, सोडलं तर पाईप स्वतःच थोडा मागे सरकतो. कडेला चहूबाजूंनी बारीक कडी दिसली पाहिजे, कुठे तुटलेली दिसली तर तिथे सोल्युशन कमी पडलंय.

मग थांबा. डब्यावर किती वेळ ठेवायचं त्याचा तक्ता असतो, दमट हवेत त्याच्या दीडपट धरा. माझं मत विचाराल तर मुंबईत रात्रभर. "साहेब, अर्ध्या तासात चालू करून देतो" हे ऐकायला छान वाटतं.

## ७. क्लॅम्प आणि हलायला जागा

सीपीव्हीसी गरम झाला की लांबतो, जीआयच्या पाचपट. आपल्या घरात गिझरपासून शॉवरपर्यंत ३ मीटर सरळ लाईन आहे, पाणी २५ वरून ६५ डिग्रीला गेलं तर ती सुमारे साडेसात मिलीमीटर वाढते, रोज सकाळी, आणि परत आखडते. दोन्ही टोकं सिमेंटने जखडली असतील तर हा ताण जातो एल्बोवर. म्हणून क्लॅम्प पाईपाला धरतील पण आवळणार नाहीत असे, साधारण तीन-तीन फुटांवर, आणि वळणाच्या अगदी लगत क्लॅम्प नको, तिथे पाईपाला सरकायला जागा द्या. भिंतीतून आरपार जाताना मोठ्या पाईपाचा तुकडा घालून त्यातून न्या.

गिझरच्या तोंडाला सीपीव्हीसी थेट जोडू नका, मध्ये धातूचा पाईप ठेवा. नळाच्या जागी ब्रास एल्बो भिंतीत पक्की बसवा. नळावर बादली अडकवणारे सगळ्या घरात असतात, तो भार पितळेने आणि भिंतीने घ्यायचा.

## ८. भिंत बुजवण्याआधी टेस्ट

सगळ्या नळांना डमी लावा, सगळ्यात वरचा थोडा सैल ठेवून लाईन हळूहळू भरा आणि हवा निघाली की तो घट्ट करा. मग हातपंपाने प्रेशर द्या. आपल्या घरात नेहमीचं प्रेशर ०.६ बार, पण बिल्डिंगमध्ये उद्या प्रेशर पंप बसू शकतो, म्हणून मी ५-६ बारला तासभर ठेवून काटा बघतो. जुना टी आणि उभी लाईन या प्रेशरमध्ये घेऊ नका, व्हॉल्व्ह बंद करून फक्त नवी बाजू तपासा. काटा उतरला तर आधी व्हॉल्व्ह आणि डमी बघा, मग जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा. ओला डाग डोळ्याआधी टिश्यूवर दिसतो.

⚠ प्लास्टिक लाईन कॉम्प्रेसरच्या हवेने तपासू देऊ नका. हवा दाबलेली असताना पाईप फुटला तर तुकडे उडतात, पाण्याने नुसता भिजतो.

टेस्ट झाली की भिंत उघडी असतानाच प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं माप दिसेल असा. पुढे टॉवेल रॉड लावणारा ड्रिल घेऊन येईल तेव्हा तोच फोटो लागतो.

## ९. पुढे काय बघत राहायचं

जीआय म्हातारा होतो ते कळतं, पाणी तांबूस होतं, जोडावर पांढरी-तांबूस पुटं चढतात, धार कमी होते. सीपीव्हीसी आवाज करत नाही. उन्हात असेल तर रंग फिका आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो, हात फिरवला की पावडर लागते, असा पाईप धक्क्याने तुटतो. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर तुकडा असेलच तर त्याला पाण्यात मिसळणारा रंग द्या, ऑइल पेंट आणि थिनर नाही. वाळवीचं औषध मारणारे, पीयू फोम भरणारे येतील तेव्हा त्यांना पाईपापासून लांब ठेवा, त्यातली काही रसायनं सीपीव्हीसीला बारीक चिरा पाडतात. मऊ पीव्हीसीच्या वायरी पाईपाला बांधून ठेवायची सवयही तेवढीच वाईट.

डक्टमधला स्ट्रेनर पहिल्या आठवड्यात एकदा उघडा, तो नक्की भरलेला असणार, कारण उभी लाईन तुम्ही हलवली आहे. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी उघडताना त्याच्या मागचा जीआय निपल बोटाने चाचपून बघा, आट्यांच्या कडेला ओल किंवा तांबूस कडी आली असेल तर पुढच्या सुट्टीत प्लंबरला बोलवून निपल बदलून घ्या. दोन पाने घेऊन यायला सांगा.